टर्नओव्हर २० टक्के, पण कुणाचा?

आमच्या कंपनीचा वार्षिक टर्नओव्हर, म्हणजे नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण, २० टक्के आला आणि रिव्ह्यू मीटिंगमध्ये कुणाला काहीच वाटलं नाही, कारण आदल्या वर्षीही साधारण तेवढाच होता. हिशोब सरळ होता. वर्षाच्या सुरुवातीला ४०० माणसं, शेवटी ४२०, म्हणजे सरासरी ४१०, आणि वर्षभरात सोडून गेले ८२. साहेब म्हणाले ठीकाय, पुढची स्लाइड घ्या.

मला ते पचेना. कारण आमची रिक्रूटमेंटची पोरं वर्षभर श्वास न घेता भरती करत होती आणि तरी डिस्पॅचमधून रोज फोन, माणसं कमी आहेत, माणसं पाठवा. मग मीटिंगवरून आले आणि त्या ८२ नावांसमोर जॉइनिंग डेट आणि शेवटचा दिवस टाकून शीट सॉर्ट केली. एवढंच केलं हां, काही ग्रेट अ‍ॅनालिसिस वगैरे नाही. तर ८२ पैकी ५० जण त्याच वर्षी लागलेले आणि त्याच वर्षी गेलेले! वर्षभरात एकूण घेतले होते १०२. म्हणजे नवीन घेतलेला जवळपास दर दुसरा माणूस गळला. आणि वर्षाच्या पहिल्या दिवशी जे ४०० पटावर होते त्यातले ३६८ अजून होते, म्हणजे ९२ टक्के. जुनी माणसं मस्त टिकून, नवीन माणसं चाळणीतून गेल्यासारखी, आणि दोघांचं मिळून २० टक्के.

ही गोष्ट तशी नवीन नाही. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटमधल्या राइस, हिल आणि ट्रिस्ट यांनी १९५० मध्येच सोडून जाणाऱ्यांचा नोकरीच्या कालावधीनुसार आलेख मांडला होता आणि सुरुवातीच्या त्या उंच टोकाला 'इंडक्शन क्रायसिस' म्हटलं होतं. कंपनीच्या एकूण टक्क्यात हे टोक दिसत नाही, त्यासाठी कोण किती दिवस टिकून गेला हे वेगळं काढावं लागतं. मी काढलं. ५० पैकी ३४ जण तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात गेलेले, पहिल्या दोन आठवड्यांत जवळपास कुणीच नाही. आणि ५० पैकी ३६ एकट्या डिस्पॅचचे.

आता पहिल्या दोन आठवड्यांत कुणी जात नाही आणि तिसऱ्यापासून रांग लागते, याचा अर्थ त्या सुमारास काहीतरी बदलतं. काय ते टर्नओव्हरचा आकडा सांगत नाही. म्हणून एक्झिटचे फॉर्म काढले. तिथे तर आनंदच होता. 'चांगली संधी', 'वैयक्तिक कारण', 'पुढील शिक्षण', टिक, टिक, टिक. कसंय ना, माणसाचा फुल अँड फायनल अजून अडकलेला असतो, अनुभवाचं पत्र मिळायचं असतं, आणि फॉर्म भरून घेणारा असतो त्याचाच सुपरवायझर. अशा वेळी कोण लिहील की साहेब तुमच्यामुळे चाललो? इंडक्शनचा फीडबॅक काढला तर ५ पैकी ४.६. तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ट्रेनर समोर उभा असताना घेतात, अजून माणसाने फ्लोअरवर पाऊल टाकलेलं नसतं. त्या ४.६ मधून ट्रेनर छान बोलतो एवढंच कळतं.

नेमकं त्याच दिवशी चार वाजता डिस्पॅचचा एक मुलगा आयडी कार्ड जमा करायला आला, सहाव्या आठवड्यात राजीनामा दिलेला. सुपरवायझरने फॉर्म आधीच भरून पाठवला होता, कारण वैयक्तिक. मी फॉर्म बाजूला ठेवला आणि म्हटलं, तुझा फुल अँड फायनल मंजूर झालाय, पत्रावर सही झालीय, हे घे, आता बस दोन मिनिटं. का सोडतोयस असं मी विचारलं नाही, त्याचं उत्तर पाठ असतं. विचारलं की, दुसरीकडे बघावं असं पहिल्यांदा कधी वाटलं? कुठला दिवस होता?

तो थोडा थांबला आणि म्हणाला, "मॅडम, तिसऱ्या आठवड्यातला रविवार. रात्री साडेदहाला ग्रुपवर शिफ्ट पडली, सोमवारपासून नाईट. मी घरी काहीच सांगितलं नव्हतं."

म्हटलं, शिफ्ट बदलते हे जॉइन होताना सांगितलं नव्हतं?

"सांगितलं होतं की. कधीतरी बदलेल म्हणाले होते. दर आठवड्याला बदलेल आणि आदल्या रात्री कळेल, असं नव्हते म्हणाले."

मग मी इंडक्शनचं प्रेझेंटेशन उघडलं. खरंच, एका स्लाइडवर एक ओळ, 'कामाच्या गरजेनुसार शिफ्टमध्ये बदल होऊ शकतो'. दोन दिवसांत कंपनीचा इतिहास, व्हॅल्यूज, सेफ्टी, पगाराचं पोर्टल, सगळं सविस्तर, आणि ज्या गोष्टीवर माणसाचं घर चालतं तिला एक ओळ. पहिले दोन आठवडे नवीन माणूस सीनियरसोबत जनरल शिफ्टला असतो, तिसऱ्यात रोस्टरमध्ये ढकलतात. शीटमधला तिसरा आठवडा इथून आला होता.

पण एका पोराच्या बोलण्यावर साहेबांकडे धावत जाण्यात अर्थ नव्हता. आधी हजेरी बघितली. गेलेल्या ३६ पैकी बहुतेकांची पहिली न सांगता मारलेली दांडी पहिल्या नाईटच्या आठवड्यातच होती. मग दोन सुपरवायझर वेगळे काढले. दोघांकडे ३०-३० नवीन माणसं आलेली, एकाकडचे २४ गेले, दुसऱ्याकडचे १२. दुसरे जे काका आहेत ते रोस्टर दोन आठवडे आधी कागदावर लावतात, जुनी सवय. मात्र त्यांच्याकडे नाईट थोड्या कमी असतात, त्यामुळे सगळं श्रेय कागदाला देता येत नाही, हे मी रिपोर्टमध्येही लिहिलं. शेवटी दोन-तीन महिन्यांपूर्वी गेलेल्या काही जणांना फोन लावले. तोवर त्यांचा आमच्याशी हिशोब संपलेला असतो, त्यामुळे मोकळं बोलतात. फॉर्मवर 'चांगली संधी' लिहिणाऱ्यांपैकी काहींना सोडताना दुसरी नोकरी मिळालेलीच नव्हती.

आता ऑफर देण्याआधीच उमेदवाराला मागच्या महिन्याचं खरं रोस्टर दाखवतो, नाईट कुठल्या, सुट्टी कुठली, सगळं. रोस्टर दोन आठवडे आधी लागतं, एक्झिटची मुलाखत सुपरवायझर घेत नाही, आणि इंडक्शनचा फीडबॅक तिसाव्या दिवशी घेतो. तो लगेच ४.६ वरून बराच घसरला, ट्रेनर बिचारा नाराज.

रिक्रूटमेंटचे हेड त्याहून नाराज, कारण रोस्टर बघून लोक ऑफर नाकारायला लागले आणि त्यांचा जॉइनिंग रेशो पडला. मी म्हटलं साहेब, हे लोक आधी नकार द्यायला सहा आठवडे घेत होते आणि तो पगार आपण देत होतो. त्यांना ते अजूनही फारसं पटलेलं नाही, कारण त्यांचं टार्गेट भरलेल्या जागांवर आहे, टिकलेल्यांवर नाही. ते टार्गेट सहा महिन्यांनी टिकलेल्या माणसांवर मोजा असा प्रस्ताव मी दिलाय, अजून लटकलाय.

आणि हो, जे ३२ जुने गेले त्यांचा यातल्या कशाशी संबंध नाही. त्यांच्या मुलाखतींत दुसरंच निघालं, चार-चार वर्षं एकाच पदावर, वर जायला जागाच नाही. तिथे इंडक्शन कितीही सुधारलं तरी फरक पडणार नाही, त्यासाठी प्रमोशनची फाईल उघडावी लागेल आणि ती साहेबांच्या टेबलावर आहे.