नोंदवहीत तीन, बटाट्यात साडेनऊ

जूनच्या पहिल्या आठवड्यात मालकांनी एक पत्र माझ्यापुढे टाकलं. "वाचा, आणि उत्तर तुम्हीच लिहा." साताऱ्याजवळच्या आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी ऑपरेटर आहे, पत्रांना उत्तरं देणं माझं काम नाही. पण दोन नंबरची चेंबर माझ्याकडे होती.

पत्र पुसेगावकडच्या एका शेतकऱ्याचं. मार्चमध्ये बेण्यासाठी ठेवलेली बटाट्याची ऐंशी पोती त्यांनी परवाच उचलली होती. लिहिलं होतं, "भाडं पूर्ण दिलं. बत्तीस पोती खराब निघाली. तेवीसमध्ये पांढरे, दोऱ्यासारखे कोंब; पोतं उलटं केलं की मोडून पडतात. नऊमधून घाण पाणी गळतं. सगळी पोती दाराकडच्या रांगेतली, वरच्या चार थरांतली. खालची चांगली आहेत."

मालक म्हणाले, "माल ओला आणला असेल." मलाही तसंच वाटलं होतं. पण ओल्या मालाची सड सगळ्या रांगांत विखुरलेली दिसते, ठरावीक थर निवडत नाही.

नोंदवही काढली. दर दोन तासांनी तीन अंश, तीन अंश, अडीच महिने. इतकं सरळ पाहून मलाच कसंतरी झालं.

त्याच रांगेत दुसऱ्या एकाची पोती अजून होती. शिडी लावली, वरच्या पोत्यातला बटाटा घेऊन त्यात सुईचा थर्मामीटर खुपसला: साडेनऊ. पंख्याजवळच्या खालच्या पोत्यातला: तीन. आमचा थर्मामीटर पंख्याच्या तोंडाशी टांगलेला होता. तो हवेचं तापमान सांगत होता, मालाचं नाही.

हवा गार करणाऱ्या कॉईलवर बोटभर बर्फ होता. रात्रपाळीला पाणी सोडून बर्फ काढायचं राहत गेलेलं. बर्फाने हवेची वाट अडली. जी हवा यायची ती गारच होती, पण दारापर्यंत पोचत नव्हती. बेण्याला दोन ते चार अंश लागतात. त्याहून ऊब मिळाली आणि सुप्तावस्था संपलेली असली की बटाटा कोंब काढतोच. शिवाय उबेला तो जोरात श्वास घेतो, दमट हवा वर जाते, थंड छताला लागून पाणी होते आणि थेंब वरच्या पोत्यांवर पडतात. ओल्या पोत्यात नरम सड धरायला वेळ लागत नाही. छताला हात लावला, तळवा ओला झाला.

हे सगळं त्या माणसाने नुसत्या डोळ्यांनी पाहून थरांसकट लिहून दिलं होतं. मी मात्र रोज आत जात होतो.

मालकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प. मग नऊ पोत्यांची पूर्ण आणि कोंब आलेल्यांची अर्धी किंमत द्यायची ठरली. कोंब मोडले तरी डोळ्यांतून पुन्हा फुटतात, पण बेणं कमजोर होतं, म्हणून अर्धी. शेतकरी नाखुशीनेच कबूल झाले. लागणीला आठ दिवस उरले होते, तेवढं बेणं कुठून आणायचं, हा त्यांचा प्रश्न पैशाने सुटणारा नव्हता.

बर्फ काढला, थर्मामीटर दाराकडच्या वरच्या थरात हलवला. दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदवहीत मी ६.८ लिहिलं. मालकांनी तो आकडा पाहिला आणि वही मिटून परत दिली.