चार तारीख की आठ तारीख

परभणी, ११ जानेवारी

आज जपानीच्या एन-फाइव्ह या सर्वांत सोप्या पातळीच्या परीक्षेचा पहिला सराव पेपर सोडवला. ऐकण्याच्या भागात बाई म्हणाली, भेट ‘योक्का’ला. मी आठ तारखेवर खूण केली. योक्का म्हणजे चार, आठ म्हणजे ‘योऽका’. पुन्हा ऐकलं, तरी कानाला फरक लागेना.

कारण रात्री वहीतच सापडलं. गेल्या महिन्यात सगळे शब्द मी देवनागरीत लिहिले होते आणि आठ तारखेपुढे ‘योका’ एवढंच होतं. आपल्या ओला ऱ्हस्व-दीर्घ नाही, आणि बोलताना आपण इ-उचंही ऱ्हस्व-दीर्घ फारसं पाळत नाही. जपानीत मात्र त्यानेच अर्थ बदलतो. ‘ओबासान’ म्हणजे काकू-मावशी, ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी.

म्हणून वर्षाची आखणी बदलली. परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, पुण्याला. हिरागाना या जपानी लिपीची ४६ अक्षरं रोज पाच याप्रमाणे जानेवारीतच संपवायची आणि १ फेब्रुवारीपासून वहीत देवनागरी बंद. त्या लिपीत लांबवलेल्या स्वराला वेगळं अक्षर लिहावं लागतं, त्यामुळे तो हातातून सुटत नाही. फेब्रुवारीत काताकाना ही दुसरी लिपी. त्यातली ‘शि’ आणि ‘त्सु’ ही अक्षरं सारखी दिसतात, म्हणून रेघांची दिशा बघायची: ‘शि’ची शेवटची रेघ खालून वर जाते, ‘त्सु’ची वरून खाली येते. ‘त्सु’चा उच्चार मात्र आपल्याला फुकट मिळालाय, चुलीतला ‘चु’!

सकाळी वीस मिनिटं ऐकणं. एकच छोटा संवाद आठवडाभर, आधी मजकूर न बघता. संध्याकाळी गच्चीवर दहा मिनिटं बोलणं. परीक्षेत बोलण्याचा भाग नाही, तरी ते मी सोडणार नाही, कारण जो फरक तोंडाला करता येत नाही तो कानाला कळत नाही, हे आज पटलं. आज आईला सोबत घेतलं. ती एक ते दहामधला कुठलाही आकडा सांगायची, मी ती तारीख जपानीत म्हणत टाळ्या वाजवायची. यो-क्-का, तीन टाळ्या. यो-ओ-का, याही तीनच. म्हणजे टाळ्या मोजून भागत नाही. मधल्या टाळीला आवाज थांबतो की चालू राहतो, ते ऐकायचं. योक्कात थांबतो, आपल्या ‘पक्का’सारखा. चौथ्या फेरीला आई म्हणाली, “आता वेगळं ऐकू आलं बघ.”

व्याकरणाची मला तेवढी काळजी नाही. क्रियापद शेवटी आणि शब्दामागे विभक्तीसारखे प्रत्यय, हे ओळखीचंच आहे. एकूण १८० पैकी ८० गुण लागतात, पण ऐकण्यात ६० पैकी १९ नसतील तर बाकीचे कितीही असोत, नापास. आज मला १४ पडले.

उद्या आईच्या आधी स्वतःचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करणार. दहा तारखा उलटसुलट म्हणायच्या आणि रात्री ऐकून आकड्यात लिहायच्या. चार-आठची गल्लत सलग सात दिवस झाली नाही, की मग ‘ओबासान’ घेणार.