आरे म्हणजे आरे जेव्हीएलआर नव्हे: मेट्रो ७ वरून मेट्रो ३ गाठताना

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाईतल्या माणसाला पुढचं वाचायची गरज नाही. बोरिवली, कांदिवली, मालाड पूर्वेकडून मेट्रो ७ ने निघून भुयारी मेट्रो ३ पकडायची असेल, तर आरेला उतरू नका, जोगेश्वरी पूर्वलाही उतरू नका. थेट शेवटच्या गुंदवलीपर्यंत जा, तिथून पुलाने मेट्रो १ च्या वेस्टर्न एक्सप्रेस हायवे स्टेशनात, आणि मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथे मेट्रो ३ मिळते. नकाशात हा रस्ता वळसा घालून जाणारा आणि मूर्खपणाचा दिसतो. मलाही तसाच दिसला होता, म्हणून तर जेव्हीएलआरच्या, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या, धुळीत पाऊण तास चाललो.

मला कफ परेडला अकरा वाजता काम होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाल्यापासून आमच्या मेहुण्यांच्या तोंडी एकच वाक्य आहे, ‘आता लोकलची गरजच नाही.’ आदल्या रात्री त्यांनी फोनवर मार्ग सांगितला. मागाठाण्याला बसायचं, आरेला उतरायचं, तिथेच दुसरी मेट्रो लागते, बसून कफ परेड. मेट्रो ३ आरेपासून सुटते हे मलाही माहीत होतं आणि मेट्रो ७ वर आरे नावाचं स्टेशन रोज डोळ्यांसमोर असतं, त्यामुळे शंका घ्यायचं काही कारणच नव्हतं.

मागाठाणे ते आरे प्रवास छान झाला, सांगण्यासारखं काही नाही. खाली उतरून हायवेच्या कडेला एका रिक्षावाल्याला विचारलं, ‘भुयारी मेट्रो कुठून जाते?’ त्याने माझ्याकडे नीट पाहून घेतलं. मग म्हणाला, ‘काका, ती इथे कुठे? ती सीप्झकडे.’

घोळ असा आहे. मेट्रो ७ चं ‘आरे’ हे गोरेगावच्या बाजूला, हायवेवरून आरे वसाहतीत शिरणारा रस्ता लागतो तिथे आहे. मेट्रो ३ चं ‘आरे जेव्हीएलआर’ हे त्याच वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला, सीप्झजवळ, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला लागून आहे. मधे अख्खी वसाहत पसरलेली, सरळ रेषेत मोजलं तरी चार किलोमीटरहून जास्त. दोन्ही मार्ग चालवणाऱ्या कंपन्याही वेगळ्या: मेट्रो ७ आणि २अ महामुंबई मेट्रोकडे, मेट्रो ३ मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशनकडे. या दोन स्टेशनांचा एकमेकांशी नावापलीकडे काही संबंध नाही.

इथे परत फिरलो असतो तरी वाचलो असतो. पण मोबाइलवर नकाशा उघडला आणि दुसरी चूक केली. जेव्हीएलआर हा रस्ता हायवेला जोगेश्वरी पूर्वला येऊन मिळतो आणि मेट्रो ७ चं स्टेशन तिथेच आहे. म्हटलं, दोनच स्टेशनं पुढे, तिथून सरळ रस्ता, मग काय अवघड आहे? नवीन तिकीट काढलं, कारण एकदा गेटबाहेर पडलं की आधीचं तिकीट संपलं. जोगेश्वरी पूर्वला उतरलो. माझ्या मनात जेव्हीएलआर ही एक जागा होती. प्रत्यक्षात तो दहा किलोमीटरच्या आसपासचा रस्ता आहे आणि ‘आरे जेव्हीएलआर’ त्यावर अडीच-तीन किलोमीटर आत आहे.

आता तो रस्ता. स्टेशनातून पूर्वेच्या जिन्याने उतरायचं आणि हायवे पाठीमागे टाकून चालायला लागायचं. आधी श्यामनगर, मग महाकाली लेण्यांकडे जाणारा फाटा, मग सीप्झ. रस्त्याच्या मधोमध मेट्रो ६ चं काम चालू आहे. ती स्वामी समर्थनगरहून विक्रोळीला जाणार आहे आणि सुरू झाली की नेमकी हीच दोन टोकं जोडेल. तोपर्यंत तिचे खांब आणि पत्रे बघत चालायचं. मी गेलो त्या दिवशी फुटपाथ सलग असा शंभर पावलंही मिळाला नाही. कुठे पेव्हर ब्लॉक उखडलेले, कुठे वाळूचा ढीग, कुठे फुटपाथवरच लावलेल्या दुचाकी. मग रस्त्यावर उतरायचं आणि मागून येणाऱ्या डंपरच्या हॉर्नला दाद देत पुन्हा वर चढायचं. त्यात हलका चढ. गाडीत बसल्यावर तो कळत नाही, खांद्यावर कागदपत्रांची बॅग असली की कळतो.

रिक्षा का नाही केली? विचारल्या, चार विचारल्या. दोघांनी मान हलवली, तिसरा थांबलाच नाही. चौथा म्हणाला, ‘दीडशे.’ मीटर टाक म्हटलं तर म्हणे ट्रॅफिक बघा. मीटरचं किमान भाडं दीड किलोमीटरला २६ रुपये आहे, या अंतराला पन्नास-पंचावन्नच्या वर जायचं कारण नाही. पंचावन्नाचे दीडशे मी देणार नव्हतो, भले पायांचे तुकडे पडोत. (पडले नाहीत, पण डाव्या टाचेला फोड आला.) बायको म्हणाली तसं, मी रागाच्या भरात चाललो. हा राग तुमच्याकडे नसेल तर हायवेच्या कोपऱ्यावरून सीप्झकडे जाणारी बेस्ट पकडा. पाच किलोमीटरपर्यंत साधी बस १० रुपये, एसी १२. मला हे महाकालीच्या फाट्याला, बस शेजारून गेल्यावर सुचलं.

चालणारच असाल तर पहिल्यापासून डाव्या फुटपाथने चला. आरे जेव्हीएलआर स्टेशन डाव्या हाताला, आरे वसाहतीच्या अंगाला आहे. मी सावलीसाठी उजवीकडून चाललो होतो आणि शेवटी हा रुंद रस्ता ओलांडण्यात वेळ गेला. शोधताना मान वर करू नका आणि भुयाराचं तोंडही शोधू नका. सगळ्या मेट्रो ३ वर हे एकच स्टेशन जमिनीवर आहे, बाकी सगळी खाली. वर दिसतात ते खांब मेट्रो ६ चे. त्यांच्यामागे लागलात तर पवई गाठाल.

घामाघूम होऊन गेटवर पोहोचलो आणि खिशातला कागद दाखवला. लाल दिवा. पुन्हा दाखवला, पुन्हा लाल. गेटवरच्या मुलीने कागद हातात घेतला आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, ‘काका, हे त्या मेट्रोचं आहे. इथलं वेगळं काढावं लागतं.’ मला हे कळत नव्हतं असं नाही, दमलेला माणूस हाताला लागेल तो कागद पुढे करतो. पण मागच्या रांगेसमोर शोभा झाली. आरे जेव्हीएलआर ते कफ परेड ७० रुपये, हे या मार्गावरचं सगळ्यात मोठं भाडं. तिकीट काढलं, बॅग पुन्हा यंत्रातून गेली, गार डब्यात बसलो. पुढचा तासभर झोपलो. कामाला पंचवीस मिनिटं उशीर झाला.

येताना शहाणपण आलं होतं. कफ परेडहून मरोळ नाक्याला उतरलो, मेट्रो १ ने वेस्टर्न एक्सप्रेस हायवे, तिथून गुंदवली, तिथून मेट्रो ७ ने मागाठाणे. म्हणजे तीन मार्ग, तीन चालक, दोन बदल. ऐकायला हे जास्त वाईट वाटतं, पायांना नाही. मरोळ नाक्याला खोल भुयारातून वर येऊन, गेटबाहेर पडून, उन्नत स्टेशनात पुन्हा चढायचं असतं. सरकते जिने आहेत, तरी दहा मिनिटं हाताशी ठेवा, कारण बाहेर पडताना एक गेट, मग पुन्हा तिकीट, पुन्हा बॅगतपासणी, पुन्हा गेट. वर्सोव्याच्या दिशेची गाडी घ्या. मधे एअरपोर्ट रोड आणि चकाला, तिसरं वेस्टर्न एक्सप्रेस हायवे. तिथून गुंदवलीला पादचारी पूल आहे, रस्त्यावर उतरावं लागत नाही. मला दमलेल्या पायांनी सात मिनिटं लागली. पुलावरून खाली हायवेचा तुंबलेला ट्रॅफिक पाहताना सकाळपासून पहिल्यांदा बरं वाटलं.

एकच सावधगिरी. संध्याकाळी सहा ते आठ मेट्रो १ ची गाडी मरोळ नाक्याला येते तेव्हा साकीनाक्याची गर्दी आधीच आत असते आणि गाडी चार डब्यांची. दारापाशी राहा, तिसऱ्या स्टेशनाला उतरायचं आहे. आत ढकलले गेलात तर अंधेरीला जाऊनच सुटाल.

तिकिटांचं म्हणाल तर दर बदलाला नवा प्रवास सुरू होतो. एकाच मार्गावर जितकं लांब जाल तितकं किलोमीटरमागे भाडं कमी पडतं. मार्ग बदलला की पुन्हा पहिल्या टप्प्यापासून मोजायला सुरुवात. मधल्या तीन स्टेशनांच्या तुकड्याला वीसेक रुपये जातात ते त्यामुळे. ते मुकाट्याने द्या, रिक्षाच्या दीडशेपुढे ते काहीच नाहीत. मुंबई वन अ‍ॅपवर पैसे एकदाच भरता येतात, पण गेटवर कोणता क्यूआर उघडायचा ते आधी बघून ठेवा. आणि सगळी तिकिटं जमिनीवर असतानाच काढा. भुयारात माझ्या मोबाइलचं नेटवर्क पार गेलं होतं, मरोळ नाक्याच्या तिकीट खिडकीपुढे रोख पैसे मोजत उभा होतो.

कार्ड वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी मला गुंदवलीच्या खिडकीवर कळली. एनसीएमसी म्हणजे नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डात मोबाइलवरून भरलेले पैसे लगेच चिपवर उतरत नाहीत. स्टेशनातल्या यंत्रावर किंवा खिडकीवर कार्ड लावून शिल्लक अद्ययावत करून घ्यावी लागते, तोवर गेटला जुनीच रक्कम दिसते. मी आदल्या रात्री दोनशे भरून निर्धास्त होतो. सकाळी मागाठाण्याला कार्ड चाललं नाही म्हणूनच कागदी तिकीट घेतलं होतं.

आरे जेव्हीएलआर स्टेशन कोणाच्या उपयोगाचं? जेव्हीएलआरवर राहणाऱ्यांच्या, आरेतल्यांच्या, पवईहून बसने येणाऱ्यांच्या. हायवेवरून येणाऱ्यांच्या नाही, निदान मेट्रो ६ सुरू होईपर्यंत नाही. मेहुण्यांना रात्री फोन करून हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘अरे, मी अजून गेलो कुठे त्या मेट्रोने? मी तर लोकलनेच जातो.’