पाच मिनिटांनंतर दिसलेली रेघ

"सकाळी किटवर एकच रेघ होती, म्हणून टाकून दिलं. दुपारी कचऱ्याच्या डब्यातून काढून पुन्हा बघितलं तर दुसरी फिकट रेघ दिसतेय. मग मी प्रेग्नंट आहे की नाही?"

दुपारच्या रेघेवरून काहीच ठरवता येत नाही. तिच्यावरून 'हो' म्हणता येत नाही, आणि ती खोटी ठरली तरी त्यामुळे 'नाही' पक्कं होत नाही. असं का, ते कळायला कार्डाच्या आत काय घडतं ते आधी पाहायला हवं. मेडिकलमधून आणलेलं कार्ड असो की आशाताईंकडून मोफत मिळालेलं 'निश्चय' कार्ड, आतली करामत एकच असते.

प्लास्टिकच्या आत कागदासारखी पांढरी पट्टी असते. तुम्ही 'एस' लिहिलेल्या खळग्यात लघवीचे थेंब टाकता, ते पट्टीतून पुढे सरकतात आणि वाटेत साठवून ठेवलेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण आपल्याबरोबर वाहून नेतात. सोनं इतकं बारीक झालं की पिवळं दिसत नाही, लालसर गुलाबी दिसतं. रेघेचा रंग तो हाच. या कणांवर एचसीजी या गर्भारपणातल्या हार्मोनला पकडणारी प्रथिनं, म्हणजे अँटिबॉडी, चिकटवलेली असतात. कार्डावर 'टी' लिहिलेल्या जागी पट्टीवर तशाच दुसऱ्या अँटिबॉडीची एक आडवी ओळ आधीच ओढून वाळवलेली असते. लघवीत एचसीजी असेल तर त्याची एक बाजू सोन्याच्या कणाने धरलेली असते आणि दुसरी बाजू 'टी'ची ओळ धरते. कण तिथे अडकत जातात आणि रेघ उमटते. 'सी' लिहिलेल्या जागची ओळ मात्र एचसीजी असो वा नसो, कणांना अडवतेच.

म्हणजे 'टी'च्या जागी एक ओळ पहिल्या दिवसापासून असतेच, फक्त ती बिनरंगाची असते. पट्टी ओली असताना ती दिसत नाही. लघवी वाळली की तिथली जागा बाकीच्या पट्टीपेक्षा थोडी वेगळी वाळते, आणि करडी किंवा मळकट पांढरी सावली दिसू लागते. हिलाच इव्हॅपोरेशन लाइन म्हणतात. आणखी एक गोष्ट घडते. पट्टीच्या टोकाला जास्तीची लघवी शोषून घेणारा जाड तुकडा असतो. पट्टी वाळायला लागली की त्या तुकड्यातला ओलावा उलटा फिरतो, आणि त्याच्याबरोबर पुढे गेलेले थोडे सोन्याचे कणही मागे येतात. त्यातले काही 'टी'च्या ओळीवर बसले तर उशिराची रेघ चक्क गुलाबीही दिसू शकते. म्हणून "करडी असेल तर खोटी, गुलाबी असेल तर खरी" हा प्रचलित नियम अर्धाच बरोबर आहे. आधी वेळ बघायची, मग रंग.

बहुतेक कार्डांच्या पत्रकावर 5 मिनिटांनी वाचा आणि 10 मिनिटांनंतर वाचू नका, असं लिहिलेलं असतं. काहींची वेळ थोडी वेगळी असते, तेव्हा तुमच्या पत्रकात असेल तीच धरा. थेंब टाकले की मोबाइलवर टायमर लावा, कार्ड सपाट जागी ठेवा, वेळ झाली की एक फोटो काढा आणि कार्ड फेकून द्या. फोटोमुळे नंतर डबा उचकण्याची गरज उरत नाही. पहिल्या मिनिटभरात गुलाबी पाण्याची लाट सरकताना 'टी'जवळ डाग किंवा ओघळ दिसतो, तो वाचायचा नाही. मागची पट्टी पांढरी होऊ द्या.

ठरलेल्या वेळेत दुसरी रेघ दिसली, तर खिडकीजवळच्या उजेडात कार्ड सरळ समोर धरून तीन गोष्टी बघा. ती 'सी'च्याच रंगाची आहे का, 'सी'इतकीच रुंद आहे का, आणि पट्टीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पूर्ण गेली आहे का. तिन्हींचं उत्तर 'हो' असेल, तर रेघ कितीही फिकट असली तरी कार्ड पॉझिटिव्ह आहे. फिकट म्हणजे अर्धं गर्भारपण नव्हे, लघवीत हार्मोन अजून थोडं आहे एवढाच त्याचा अर्थ. केसासारखी बारीक, रंग नसलेली, कार्ड तिरकं धरल्यावरच दिसणारी रेघ मोजू नका. फोटोचा कॉन्ट्रास्ट वाढवून किंवा रंग उलटे करून रेघ शोधण्याचा प्रकारही माझ्या मते सोडून द्यावा. त्यात ती बिनरंगाची मूळ ओळच ठळक होते.

आता सकाळच्या त्या एका रेघेकडे येऊ. तीही खोटी असू शकते. समजा, पाळी 4 मार्चला आली होती आणि चक्र एरवी 28 दिवसांचं असतं. म्हणजे पुढची पाळी 1 एप्रिलला अपेक्षित. दोन दिवस वर गेले म्हणून 3 एप्रिलला कार्ड वापरलं. हिशोब सरळ वाटतो, पण तो स्त्रीबीज 18 मार्चच्या सुमारास सुटलं असं धरून केलेला आहे. त्या महिन्यात ताप आला, प्रवास झाला किंवा पीसीओएसचा त्रास असला, तर बीज आठवडाभर उशिरा, 25 मार्चला सुटू शकतं. गर्भ बीज सुटल्यापासून साधारण 8 ते 10 दिवसांनी गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो, आणि एचसीजी त्यानंतरच रक्तात आणि लघवीत येऊ लागतं. म्हणजे 3 एप्रिलला तो जेमतेम रुजतोय. पाळी चुकलेली दिसते, पण कार्डाला सापडण्यासारखं काही अजून नाही.

पुढचे आकडे ढोबळ आहेत, पण त्यांची चाल अशीच असते. सुरुवातीच्या दिवसांत एचसीजी साधारण दोन-तीन दिवसांत दुप्पट होतं. 3 तारखेला 5 मिली-युनिट धरलं, तर 5 तारखेला 10, 7 तारखेला 20 आणि 9 तारखेला 40. बाजारातली बरीच कार्डं मिलिलिटरमागे 25 मिली-युनिटच्या पुढे रेघ दाखवतात. म्हणजे 7 तारखेपर्यंत कार्ड कोरं राहील आणि 9 तारखेला फिकट, पण खरी रेघ येईल. या उदाहरणात 3 तारखेच्या दुपारी डब्यात दिसलेली सावली वाळल्यामुळेच आलेली होती, आणि बाई गर्भारही होती. अशी एक गोष्ट मैत्रिणीकडून ऐकली की "उशिराची रेघ खरीच निघते" असा समज पक्का होतो. प्रत्यक्षात त्या दोन रेघांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

म्हणून कोरं कार्ड आलं आणि पाळीही आली नाही, तर 48 ते 72 तासांनी नवं कार्ड वापरा. दुसऱ्याच तासाला दुसऱ्या ब्रँडचं कार्ड आणून काही साधत नाही. पाळी अनियमित असेल तर शेवटच्या संबंधापासून 21 दिवस मोजा. तोपर्यंत रुजायला आणि हार्मोन वाढायला पुरेसा अवधी मिळालेला असतो, त्यामुळे त्यानंतरच्या कोऱ्या कार्डावर बराच भरवसा ठेवता येतो.

लघवी पातळ असली तरीही फसगत होते. रात्रभर साठलेल्या पहिल्या लघवीत ज्या हार्मोनची रेघ स्पष्ट येते, ते दुपारी दोन तांबे पाणी प्यायल्यावर कार्डाच्या मर्यादेखाली जाऊ शकतं. या बाबतीत 'सी'वर विसंबू नका. 'सी' आली म्हणजे लघवी पट्टीभर वाहिली आणि कण शाबूत आहेत, एवढंच कळतं. लघवी पातळ होती की नाही, तारीख लवकरची होती की नाही, हे तिला कळत नाही. 'सी' आलीच नाही तर मात्र 'टी'कडे बघूही नका, कार्ड बाद. बहुतेक वेळा थेंब कमी पडलेले असतात किंवा पाकीट फोडून कार्ड उघडं ठेवलेलं असतं. थेंब पत्रकात सांगितलेत तेवढेच टाका, बहुधा दोन किंवा तीन. जास्त टाकल्याने रेघ गडद होत नाही, उलट पट्टीवर पूर येऊन डाग पडतात.

याच कारणाने रोज एक कार्ड वापरून रेघ कालच्यापेक्षा गडद झाली का हे ताडून बघणंही भरवशाचं नाही. लघवी रोज सारखी दाट नसते. वाढ खरोखर बघायची असेल, तर रक्तातली बीटा एचसीजी तपासणी एकाच लॅबमध्ये 48 तासांच्या अंतराने दोनदा करतात. पहिला आकडा 1500 च्या खाली असेल, तर तेवढ्या वेळात तो निदान दीडपटीच्या आसपास जायला हवा. फिकट रेघ आली, चार-सहा दिवसांत गेली आणि पाळी आली, तर कार्ड चुकलं असं समजू नका. गर्भ रुजला होता आणि टिकला नाही, असंच बहुधा घडलेलं असतं. आणि बीज फुटण्यासाठी एचसीजीचं इंजेक्शन घेतलेलं असेल, तर तेच औषध 10 ते 14 दिवस लघवीत राहून खरी दिसणारी रेघ उमटवू शकतं. तोवर थांबा.

एक उलटा प्रकारही आहे. पाळी चुकून दोन महिने झाले, मळमळ आहे, आणि कार्ड कोरं किंवा फारच फिकट. या काळात एचसीजी लाखाच्या घरात जाऊ शकतं. ते इतकं जास्त असलं की सोन्याच्या कणांवरच्या आणि 'टी'च्या ओळीवरच्या जागा वेगवेगळ्या एचसीजीने भरून जातात. दोन्हीकडून एकच रेणू धरला जात नाही, म्हणून कण अडकत नाहीत. त्याच लघवीचा एक भाग नऊ भाग पाण्यात मिसळून नव्या कार्डावर टाकला तर रेघ गडद येते. पण इतके दिवस वर गेल्यावर कार्डांचा खेळ न करता सोनोग्राफीच करून घ्यावी.

आणि एका परिस्थितीत रेघ फिकट की गडद, याचा विचारच करू नका. कार्ड पॉझिटिव्ह आहे, किंवा पाळी चुकलेली असताना थोडं थोडं रक्त जातंय, आणि त्यासोबत ओटीपोटात एका बाजूला दुखतंय, खांद्याच्या टोकाशी कळ येतेय किंवा चक्कर येतेय. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत रुजला असेल तर हार्मोन बहुधा हळू वाढतं, त्यामुळे कार्ड दिवसेंदिवस फिकटच राहू शकतं आणि आत नळी फुटायच्या बेतात असू शकते. अशा वेळी पुढच्या सकाळची, पहिल्या लघवीची वाट बघू नका. त्याच तासाला, रात्र असली तरी, सोनोग्राफीची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि पाळीची शेवटची तारीख सांगा.