तुम्ही विचारलंत म्हणून: थ्रेड आठ, काम एकाचं

"आठ थ्रेड लावले तरी प्रोग्रॅमला तेवढाच वेळ लागतोय. पायथॉनचे थ्रेड नुसते नावालाच असतात का?"

नाही हो. ऑपरेटिंग सिस्टिमचे खरेखुरे थ्रेड असतात ते. पण नेहमीच्या सीपायथॉनमध्ये बाइटकोड चालवायला गिल, म्हणजे अख्ख्या इंटरप्रिटरचं एकच लॉक, हातात लागतं, आणि ते एका वेळी एकाच थ्रेडला मिळतं. दुसरा ताटकळत असेल, तर साधारण 5 मिलिसेकंदांनी पहिल्याकडून ते मागून घेतलं जातं. नेटवर्कची वाट बघणारा थ्रेड गिल सोडून बसतो, म्हणून तिथे थ्रेड कामाला येतात. आकडेमोडीत मात्र सगळ्यांनाच ते सतत हवं असतं.

हे माझ्या एका वरिष्ठांना कधीच पटलं नाही. काम एवढंच होतं:

```python
def berij(n):
    s = 0
    for i in range(n):
        s += i * i
    return s
```

आठ थ्रेड लावूनही वेळ घटेना, तेव्हा "मशीन लहान पडतंय" असं ठरलं आणि जास्त कोअरचं मशीन आलं. वेळ तेवढाच. मी `top` उघडून दाखवलं: `%CPU` 100 च्या आसपास घुटमळतोय, आठ कोअर राबले असते तर तो 800 कडे गेला असता. "मग तुझा कोड चुकतोय," उत्तर आलं. शेवटी `ThreadPoolExecutor` च्या जागी `ProcessPoolExecutor` लिहिलं. `top` मध्ये पायथॉनच्या आठ ओळी उमटल्या, प्रत्येक जवळपास 100 वर. दर प्रोसेसला स्वतःचा इंटरप्रिटर, स्वतःचं गिल.

लगेच फर्मान निघालं, सगळीकडे हेच करा. पुढच्या कामात गणित किरकोळ आणि याद्या अवाढव्य होत्या. प्रत्येक यादी पिकल होऊन, म्हणजे बाइट्समध्ये बदलून, दुसऱ्या प्रोसेसमध्ये जायची, तिथे नव्याने उभी राहायची. साध्या लूपपेक्षा जास्त वेळ लागला. त्याचंही खापर माझ्यावरच.

तेव्हा मीही म्हणायचो, गिल हा निव्वळ आळस आहे. आता तसं म्हणवत नाही. पायथॉन प्रत्येक ऑब्जेक्टचे संदर्भ मोजतो, आणि मोजणी शून्यावर आली की तो मोकळा करतो. दोन थ्रेडनी एकदमच 3 वाचून दोघांनीही 4 लिहिलं, तर खरा आकडा 5 असतो. पुढे ऑब्जेक्ट वापरात असतानाच मोकळा होईल. दर मोजणीला वेगळं लॉक लावलं, तर एकट्या थ्रेडचा प्रोग्रॅमही मंदावतो. तरीही इतकी वर्षं सगळ्यांनी हे सोसायचं का, यावर माझं माझ्याशीच एकमत होत नाही.

2024 च्या पायथॉन 3.13 मध्ये गिलशिवायची वेगळी बिल्ड प्रायोगिक म्हणून आली, 3.14 पासून तिला अधिकृत पाठिंबा आहे. पण एखादं सी एक्स्टेन्शन त्यासाठी तयार नसेल, तर ते इम्पोर्ट होताच गिल परत चालू होतं. इशारा येतो, पण लॉगच्या गर्दीत कोण बघतंय? तेव्हा मला विचारण्याआधी 3.13 किंवा त्यापुढच्या पायथॉनमध्ये सगळे इम्पोर्ट झाल्यावर `sys._is_gil_enabled()` चालवून बघा. `True` आलं, तर आकडेमोडीसाठी थ्रेड वाढवून काही उपयोग नाही.