एक हजार छप्पन रुपयांसाठी अडकलेले साडेसतरा हजार

दौऱ्याच्या खर्चाचे पैसे उशिरा मिळणं आमच्या धंद्यात नवं नाही. पॅकेजिंग मशिनची सर्व्हिस करणारा माणूस महिन्यातले निम्मे दिवस बाहेर असतो, आणि खिशातून आधी घालायचं, कंपनीकडून मग घ्यायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. पण 2023 च्या मार्चमधल्या हुबळीच्या दौऱ्याचा क्लेम ज्या कारणावरून अडला, ते कारण आठवलं की अजून डोकं तापतं.

क्लेम साधा होता. पुणे-हुबळी जाण्यायेण्याचं रेल्वे तिकीट 2,130. हॉटेल चार रात्री, दर 2,200, म्हणजे 8,800, त्यावर तेव्हाचा 12 टक्के जीएसटी 1,056, एकूण 9,856. स्टेशन ते हॉटेल आणि हॉटेल ते कारखाना रिक्षा 1,340. जेवणाचा भत्ता पाच दिवसांचा 2,500. आणि तिथल्याच दुकानातून घेतलेलं एक बेअरिंग, करासकट 1,770. बेरीज 17,596. निघताना 5,000 ॲडव्हान्स घेतला होता, म्हणजे कंपनीकडून येणं 12,596. परत आल्या आल्या सगळी बिलं पोर्टलवर चढवली, साहेबांनी त्याच दिवशी मंजूर केली.

नंतर एप्रिल निम्मा उलटेपर्यंत काहीच नाही. वर्षअखेर आहे, ऑडिट आहे, हे मलाही कळतं, म्हणून गप्प होतो. मग पोर्टलवर फायनान्सचा शेरा उमटला: हॉटेलच्या बिलावर कंपनीचा जीएसटी नंबर नाही, दुरुस्त बिल जोडा. खोली ग्राहकाच्या कारखान्यातल्या ॲडमिनवाल्यांनी फोनवर माझ्या नावाने धरली होती, त्यामुळे बिलावर माझं नाव होतं आणि नंबर कोणाचाच नव्हता.

शेरा पडला की क्लेमची अवस्था बदलून ‘एम्प्लॉयीकडे प्रलंबित’ अशी होते. म्हणजे फायनान्सच्या हिशोबात उशीर त्यांचा राहतच नाही, माझा होतो. बिल हॉटेलचं, शंका त्यांची, आणि घड्याळ चालू माझ्या नावावर! वर दर सोमवारी आपोआप एक मेल यायचा की तुमच्या नावावर 5,000 रुपये ॲडव्हान्स बाकी आहे, त्वरित हिशोब द्यावा. हिशोब त्यांच्याच पोर्टलवर पडून होता. आणि जुना ॲडव्हान्स मिटल्याशिवाय नवा मिळत नाही, त्यामुळे पुढचा नाशिकचा दौरा पूर्ण स्वतःच्या कार्डावर केला.

फायनान्समधल्या मॅडमना फोन केला. त्या वाईट वागल्या असं अजिबात नाही. “अहो, मला द्यायला काहीच हरकत नाही, पण नंबर नसेल तर आपल्याला क्रेडिट मिळत नाही ना. हॉटेलवाल्यांना सांगा, करून देतील.” क्रेडिट म्हणजे बिलावर भरलेला जीएसटी कंपनीने स्वतःच्या भरायच्या करातून वळता करून घेणं. मी विचारलं, तोपर्यंत बाकीच्या खर्चाचं काय? तर म्हणाल्या, सिस्टिममध्ये क्लेम एकच असतो, तुकडे करता येत नाहीत.

हुबळीला फोन लावला. हॉटेलच्या हिशोबनीसाने आधी सांगितलं की मार्चचं जीएसटीआर-1 भरून झालंय, आता बिल बदलणार नाही. विक्रीच्या बिलांचं हे विवरण पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत भरायचं असतं, आणि फायनान्सची शंका त्यानंतर आलेली. बिलावर नंबर हवा असेल तर तो त्याच महिन्यात, शक्यतो खोली सोडतानाच, लिहून घ्यावा, हे मी तेव्हापासून सगळ्या नव्या मुलांना सांगतो. मी जरा गयावया केल्यावर तो अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत जे बोलला, त्यानेच पुढचं सगळं फिरलं. म्हणाला, “सर, नंबर घातला तरी तुमच्या पुण्याच्या कंपनीला उपयोग काय? टॅक्स कर्नाटकाचा आहे.”

माझा आत्येभाऊ सीए आहे. त्याला विचारलं तर तो हसायलाच लागला. एकात्मिक जीएसटी कायद्याच्या कलम 12 च्या पोटकलम 3 प्रमाणे, हॉटेलात राहण्याच्या सेवेचं ठिकाण म्हणजे जिथे ती इमारत उभी आहे ते ठिकाण. पाहुणा कुठून आला याच्याशी संबंध नाही. हॉटेल हुबळीत, सेवा हुबळीत, म्हणून बिलावर केंद्राचा 6 टक्के आणि कर्नाटक राज्याचा 6 टक्के कर लागला. आमच्या कंपनीची नोंदणी फक्त महाराष्ट्रातली. दुसऱ्या राज्यातला हा केंद्राचा आणि राज्याचा कर महाराष्ट्रातल्या नोंदणीवर वळता करून घेता येत नाही, बिलावर नंबर असो वा नसो. म्हणजे जे बिल मागण्यासाठी माझे पैसे अडवले होते, ते मिळालं असतं तरी कंपनीला एक रुपयाही परत मिळणार नव्हता.

हे कळल्यावर पहिला विचार आला की तावातावाने वर जावं आणि टेबलावर कायदा आपटावा. आत्येभाऊ म्हणाला, “असं करू नकोस. त्यांच्या सिस्टिममध्येच हे दिसतं, ते बघायला सांग.” कंपनीला दर महिन्याला जीएसटी पोर्टलवर जीएसटीआर-2बी नावाचं पत्रक मिळतं, त्यात पुरवठादारांनी दाखवलेली बिलं आणि प्रत्येकाचं क्रेडिट मिळणार की नाही हे लिहिलेलं असतं. परराज्यातल्या हॉटेलाने नंबर घालून दिलेलं बिल असेल तर त्याच्यासमोर ‘क्रेडिट नाही’ असंच येतं, आणि कारणही दिलेलं असतं: सेवेचं ठिकाण आणि पुरवठादाराचं राज्य एकच, घेणाऱ्याचं राज्य वेगळं. आमचा एक सहकारी जानेवारीत बंगळुरूला जाऊन आला होता आणि त्याने नंबरसकट बिल दिलं होतं. म्हणजे पुरावा फायनान्सच्याच कपाटात होता.

मग मेल लिहिला. त्याआधीचे माझे मेल सगळे ‘कृपया लवकर करावे’ छापाचे होते, आणि असल्या मेलला ‘लवकरच करतो’ याखेरीज उत्तर येत नाही. या वेळी विषयाच्या ओळीतच क्लेम क्रमांक, दौऱ्याचे दिवस आणि येणे रक्कम 12,596 लिहिली. मूळ मेल इंग्रजीत होता, मजकूर असा:

“मॅडम, नमस्कार. वरील क्लेम साहेबांनी 3 एप्रिलला मंजूर केला आहे. प्रवास धोरणानुसार मंजूर क्लेम कामाच्या 15 दिवसांत चुकता होणे अपेक्षित असून ती मुदत उलटली आहे. खर्चाचा तपशील: रेल्वे 2,130, तिकीट जोडले आहे. हॉटेल 8,800 अधिक कर 1,056, बिल व कार्डाची पावती जोडली आहे. रिक्षा 1,340, तारीखवार तक्ता जोडला आहे. जेवण भत्ता 2,500, धोरणातील दरानुसार. बेअरिंग 1,770, कंपनीच्या नंबरसह बिल जोडले आहे. एकूण 17,596, वजा ॲडव्हान्स 5,000, येणे 12,596.

आपली शंका यांपैकी फक्त हॉटेलच्या कराबाबत, म्हणजे 1,056 रुपयांबाबत आहे. उरलेल्या 16,540 रुपयांवर आपला आक्षेप नाही, असे मी समजतो. हॉटेल कर्नाटकात असल्याने त्या कराचे क्रेडिट महाराष्ट्रातील नोंदणीवर मिळत नाही. जानेवारीतील बंगळुरूच्या हॉटेलचे बिल 2बी मध्ये पाहिल्यास हे दिसेल. त्यामुळे संपूर्ण 9,856 रुपये खर्चात टाकावेत, ही विनंती. हे मान्य नसल्यास कोणत्या नियमानुसार, ते कळवावे. तोपर्यंत कराची रक्कम बाजूला ठेवून 11,540 रुपये येत्या गुरुवारच्या पेमेंटमध्ये द्यावेत. दुरुस्त बिल देण्यास हॉटेलने लेखी नकार दिला असून तो मेल सोबत आहे. कृपया क्लेमची अवस्था ‘फायनान्सकडे’ अशी करावी.”

साहेबांना प्रत ठेवली, फायनान्सच्या प्रमुखांना ठेवली नाही. पहिल्याच मेलमध्ये वरच्यांना घातलं की खालचा माणूस चूक सोडून स्वतःला वाचवायला लागतो. उत्तर आलं नसतं तर गुरुवारनंतर तोच मेल, वरचा मजकूर तसाच ठेवून, प्रमुखांना पाठवायचा असं ठरवलं होतं. बेअरिंगचं बिल मुद्दाम वेगळं दाखवलं, कारण वस्तू खरेदीची गोष्ट निराळी आहे, शिवाय त्यावर नंबर होताच. त्याच्यावरून नवी शंका निघायला नको होती.

मॅडमचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. “तुम्ही म्हणता तसंच आहे, मी 2बी काढून बघितलं.” मग जरा थांबून, “पण मग सिस्टिम नंबर का मागते?” कारण पोर्टलवर हॉटेल हा खर्च निवडला की नंबराचा रकाना सक्तीचा आहे, राज्य कोणतं हे तिथे विचारतच नाहीत. तो रकाना भरल्याशिवाय क्लेम पुढे सरकत नव्हता, म्हणून त्यांनी प्रमुखांची परवानगी घेऊन अपवाद म्हणून पुढे ढकलला. गुरुवारी पूर्ण 12,596 जमा झाले. मोबाइलवर बँकेचा मेसेज बघून जो सुटकारा वाटला तो रकमेच्या मानाने जरा जास्तच होता. कार्डाची तारीख मात्र केव्हाच उलटून गेली होती, ते पैसे मी आधीच पदरचे भरले होते.

एक सांगायचं राहिलं. हा युक्तिवाद महाराष्ट्रातल्या हॉटेलला चालत नाही. नाशिक, नागपूर, कोल्हापूरच्या बिलावर कंपनीचा नंबर नसेल तर कंपनीचं क्रेडिट खरोखर बुडतं, तिथे फायनान्सवाले बरोबर असतात आणि त्यांच्याशी वाद घालू नये. तुमच्या कंपनीची दुसऱ्या राज्यातही नोंदणी असेल तर त्या राज्यातल्या हॉटेलला तिथलाच नंबर द्यावा, पुण्याचा नाही. आणि 7,500 पर्यंतच्या खोल्यांवरचा दर 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के झाला आहे. म्हणजे आज हाच दौरा केला तर भांडण 440 रुपयांचं होईल, अडकणारी रक्कम साधारण तेवढीच राहील.

नंबराचा तो सक्तीचा रकाना पोर्टलवर अजून आहे. कर्नाटक, गोवा, गुजरातचा दौरा असला की मी शेऱ्याच्या चौकटीत ‘परराज्यातील हॉटेल, क्रेडिट लागू नाही’ एवढं लिहून टाकतो, आणि क्लेम पाठवल्या पाठवल्या मॅडमना एक मेसेज करतो.