आमची वाटचाल : आधी यादी, मग बिल

कुडाळात २०१२ ला दुकान टाकलं तेव्हा गेमिंगबिमिंग डोक्यात नव्हतं, शाळा-पतपेढ्यांचे प्रिंटर आणि पावसात सर्द होऊन बंद पडणारे पीसी दुरुस्त करायचे, बस. लॉकडाऊननंतर पोरं पार्ट्सच्या याद्या घेऊन यायला लागली आणि आम्ही पहिल्याच मोठ्या ऑर्डरीत तोंडावर आपटलो. देवगडच्या गिऱ्हाइकाने लिहून आणलं तसंच जोडून दिलं, आय-सेव्हन प्रोसेसर आणि सोबत अगदी छोटं ग्राफिक्स कार्ड. आठ दिवसांत तो परत, गेम अडकतो म्हणे. गेम चालू ठेवून आकडे बघितले तर कार्ड ९९ टक्के आणि प्रोसेसर जेमतेम २५, म्हणजे कार्डच कमी पडत होतं. चूक आमचीच, काही न विचारता बिल फाडलं होतं.

तेव्हापासून आधी यादी बघतो. गेल्या महिन्यात वेंगुर्ल्याचा एक पोरगा आला, "काका, फुल एचडी गेमिंगक ह्यां बॅलन्स आसा ना?" यादीत आय-सेव्हन १२७००एफ, आरटीएक्स ३०५० सहा जीबीचं कार्ड, १६ जीबीची एकच रॅम आणि पीसीला वीज देणारा डबा म्हणजे एसएमपीएस, तोही बिननावाचा. मॉनिटर घरचा जुना, ६० हर्ट्झचा. म्हटलं, अरे बैल दांडगा घेतलास पण गाडीची चाकं खेळण्यातली! तुझा मॉनिटर सेकंदाला ६० फ्रेम दाखवणार, तेवढ्या पुरवायला आय-फाइव्ह १२४००एफचे सहा कोअर खूप झाले, वाचलेले पैसे कार्डात घाल आणि थोडे वर टाकून आरटीएक्स ४०६० घे. रॅम १६ जीबीच, पण आठ-आठच्या दोन, कारण एकच काडी लावली की सिंगल चॅनेल होतं, डेटाचा रस्ता निम्मा होतो आणि मध्येच झटके बसतात.

एसएमपीएस मात्र तोच ठेवणार म्हणून अडून बसला. त्याला हिशोब सांगितला, ४०६० ला ११५ वॅट लागतात, प्रोसेसर जोरात असला तर तोही तेवढेच घेतो, बाकी धरून तीनशेच्या आत, म्हणजे चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा पुरे. पण स्टिकरवर ५०० लिहिलेला स्वस्तातला डबा नको, लोड आला की पीसी धाडकन बंद पडतो आणि पोरं पुन्हा पुन्हा विंडोज टाकत बसतात. (लाइटीचं आमच्याकडे माहितीच आहे, त्यामुळे यूपीएस घ्याच, पण तो गेम सेव्ह करून बंद करण्यापुरता.)

जोडल्यावर त्याच्यासमोरच गेम लावला, सेटिंग अल्ट्रा, फ्रेमची मर्यादा काढून टाकली, कार्ड ९७-९८ वर. असंच पाहिजे, कार्ड पूर्ण राबतंय. कार्ड ६० टक्क्यांवर रेंगाळतंय आणि तरी फ्रेम पडतायत असं दिसलं तर समजायचं प्रोसेसर मागे पडतोय, मग त्याचा एकूण आकडा कमी दिसला तरी फसू नका, एखादाच कोअर पूर्ण भरलेला असू शकतो.

आता गणपतीत मॉनिटर १४४ हर्ट्झचा घेणार म्हणतोय, काल परत यादी पाठवलीय.